पाकी : एक लफ्ज, दोन अर्थ

१६ जून २०१९, रविवार. विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना मँचेस्टरला चालू होता. आमच्या कोकणात पावसाने सुरुवात केली होती आणि तिकडे मँचेस्टरलाही सामना पावसामुळे मध्येच थांबला होता. आमच्याकडे लाइट दोनदा गेली, दोनदा आली. तरी घरातलं कोणी झोपायला तयार नव्हतं. सोफ्यावर माझा मुलगा, तेव्हा नववीत होता. बाजूच्या आरामखुर्चीत माझे मोठे मामू, वय वर्षं सत्त्याहत्तर. सारी उमर इंग्लंडच्या त्याच मँचेस्टरजवळच्या एका गिरणीगावात काढलेले. दर दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात आंब्यासाठी यायचे आणि पाऊस लागला की परतायचे. त्या वर्षी घरातल्या एका निकाहसाठी थोडे जास्त राहिले होते.

रात्री उशिरा सामना संपला. पाकिस्तानच्या ६ बाद २१२ धावा झाल्या आणि भारत ८९ धावांनी जिंकला. मुलगा उडी मारून ओरडला, “पाकी हरले! पाकी हरले!”

मामूंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, “बेटा, हा लफ्ज तू कुठे शिकलास?”

मुलगा गोंधळला. “कुठे म्हणजे? सगळेच म्हणतात, नाना. स्क्रीनवर पण पी, ए, के असंच लिहिलेलं असतं. पेपरात पण ‘पाक’ लिहितात. ऑस्ट्रेलियावाल्यांना ऑसी म्हणतात, न्यूझीलंडवाल्यांना किवी. मग ह्यांना पाकी.”

खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या दृष्टीने ‘पाकी’ हा घरातला, मकतबातला लफ्ज. पाकी म्हणजे स्वच्छता, शुद्धता. लहान मुलांना वुजू शिकवताना सगळ्यात आधी कानावर पडतो तो हाच लफ्ज. मी हसून तसं म्हटलंही, “मामू, लफ्ज तर चांगलाच आहे की.”

मामू म्हणाले, “तुझ्या किताबात चांगला आहे. माझ्या पाठीवर तो लिहिलेला आहे, तिथे चांगला नाही.”

त्या रात्री त्यांनी जे सांगितलं आणि त्यानंतर मी जे वाचून काढलं, ते आज वाचकांपुढे ठेवते आहे. कारण माझ्या मुलाचा प्रश्न खोटा नव्हता. ऑसी चालतं, किवी चालतं, ब्रिट चालतं, मग पाकी का चालत नाही? दोन्हीकडे लांब नाव कापून लहानच तर केलेलं आहे.

आधी हे कापणं कसं होतं ते पाहू. इंग्रजीत लांब शब्द तोडून आखूड करण्याची मोठी हौस आहे. ब्रिटिशचं ब्रिट झालं. ऑस्ट्रेलियनचं आधी तुकडा पाडून आणि मग शेवटी ‘ई’ लावून ऑसी झालं. हा शेवटचा ‘ई’ आपल्या उर्दूतल्या याये-निस्बतीसारखा नाही. आपण लाहोरचा तो लाहोरी, मुंबईचा तो मुंबई‘कर’ म्हणतो, म्हणजे नातं सांगतो. इंग्रजीतला हा ‘ई’ लाडाचा किंवा लहान करण्याचा आहे, आपण ‘बाळ’चं ‘बाळ्या’ करतो तसा. आणि ‘बाळ्या’ हे आईने म्हटलं तर लाड, भांडणात दुसऱ्याने म्हटलं तर तुच्छता. म्हणजे अक्षरांत काहीच ठरत नाही. कोण म्हणतं आणि का म्हणतं, तिथे ठरतं.

ऑसी हे नाव पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांमध्ये रूढ झालं. ते त्यांनी स्वतःच मिरवलं. किवीचंही तसंच. आपल्या देशातल्या पक्ष्याचं नाव न्यूझीलंडच्या सैनिकांना त्याच युद्धाच्या काळात चिकटलं आणि त्यांनी ते आवडीने धरून ठेवलं. यांकीची गोष्ट जरा वेगळी आहे. अठराव्या शतकात इंग्रज फौजेतले लोक अमेरिकन वसाहतींतल्या लोकांची टिंगल करायला तो शब्द वापरत. अमेरिकन लढाई जिंकले आणि टिंगलीचा शब्द त्यांनी स्वतःच्या छातीवर लावला. जिंकलेल्या माणसाला टिंगल टोचत नाही. म्हणून आज इंग्लंडमध्ये कोणी अमेरिकन पाहुण्याला यांक म्हटलं, तरी त्याच्या पोटात भीतीचा गोळा उठत नाही.

आता दुसरं उदाहरण पाहू, जे ‘पाकी’च्या अधिक जवळचं आहे. जपानीजचं आखूड रूप ‘जॅप’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा नुसता संक्षेप म्हणूनही वापरला जाई. वर्तमानपत्रांच्या अरुंद रकान्यात तीन अक्षरी शब्द मथळ्याला सोयीचा पडे. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी शेतकरी आणि मजूर स्थायिक होऊ लागले तसा त्या शब्दाला कडवटपणा चढला. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि मग तो शब्द भिंतींवर, दुकानांच्या पाट्यांवर, युद्धाच्या पोस्टरांवर आला. त्या पोस्टरांत जपानी माणूस उंदरासारखा किंवा माकडासारखा काढलेला असे. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं, शेतं, दुकानं सोडायला लावून तारेच्या कुंपणातल्या छावण्यांत नेण्यात आलं. त्यांतले दोनतृतीयांश तर अमेरिकेत जन्मलेले, अमेरिकेचेच नागरिक होते. त्यांनी जपान पाहिलाही नव्हता. पण त्या तीन अक्षरांत जपानमधला सैनिक आणि कॅलिफोर्नियातला भाजीवाला असा फरकच नव्हता.

त्या काळातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. अमेरिकेतले चिनी लोक घाबरले. चेहरा सारखाच, मार आपल्यालाही बसेल. म्हणून त्यांच्यापैकी कित्येकांनी कोटावर बिल्ले लावले, ‘मी चिनी आहे’ अशा अर्थाचे. त्यांचा तरी काय दोष? चीनवर तर जपाननेच हल्ला केलेला होता. पण त्या बिल्ल्याचा एक न छापलेला अर्थही होता : मारायचं असेल तर त्याला मारा, मला नको.

हा बिल्ला ध्यानात ठेवा. मामूंच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

मामू मूळ खेड तालुक्यातले. आधी दोन वर्षं बोटीवर खलाशी होते. १९६१ च्या अखेरीस इंग्लंडला उतरले. तेव्हा घाई होती, कारण नवा कायदा येत होता. १९४८ च्या कायद्याने ब्रिटिश राष्ट्रकुलातल्या माणसाला इंग्लंडमध्ये येऊन राहण्याची मोकळीक दिलेली होती. १ जुलै १९६२ पासून ती मोकळीक आवळली गेली आणि कामाचं व्हाउचर लागू लागलं. तिकडच्या कापडगिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसं हवी होती, कारण गोऱ्या कामगारांना ती पाळी नको होती. मामूंच्या खात्यात जवळजवळ सगळी रात्रपाळी आपल्याकडच्यांची. गुजरातचे, पंजाबचे, सिल्हेटचे आणि सगळ्यात जास्त मीरपूरचे. मीरपूर म्हणजे पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरचा भाग. तिथे त्या दशकात मंगला धरण बांधलं गेलं. सुमारे १ लाख माणसांची घरं आणि जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्यांच्यातले पुष्कळ जण इंग्लंडला आले.

“पहिली दोन-तीन वर्षं आम्हाला ‘कलर्ड’ म्हणायचे,” मामू म्हणाले. “खोली भाड्याने मागायला गेलं की खिडकीत पाटी, कलर्ड नकोत. पण पाकी हा लफ्ज तेव्हा ऐकल्याचं आठवत नाही. तो नंतर आला.”

मामूंची आठवण बरोबर आहे. या शब्दाच्या छापील वापराच्या नोंदी १९६४ च्या सुमारास सापडू लागतात. म्हणजे जेव्हा ही माणसं डोळ्यांत भरण्याइतकी झाली, त्यांची मुलं शाळेत आणि दुकानं गल्लीत दिसू लागली, तेव्हा. शब्द आला तो काही संक्षेपाच्या गरजेने आला नाही. ‘ब्लडी’ आणि ‘डर्टी’ ही विशेषणं त्याच्या पुढे जोडूनच तो आला. उर्दूत ज्याचा अर्थ पाक-साफ, त्याच्याच पुढे इंग्रजीत ‘घाणेरडा’ हे विशेषण कायमचं बसलं. आमच्या भाषेच्या शिक्षकाला याहून मोठी शरम कुठली?

इथे ‘पाकिस्तान’ या नावाचीही हकीकत सांगायला हवी. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या चौधरी रहमत अली यांनी १९३३ मध्ये काढलेल्या एका छोट्या पुस्तिकेत ते प्रथम छापून आलं. पंजाब, सरहद्दीकडचा अफगाण प्रांत, काश्मीर आणि सिंध यांची पहिली अक्षरं आणि बलुचिस्तानचं ‘तान’ असं ते जुळवलेलं होतं. पाक म्हणजे शुद्ध, हा अर्थही त्यात होताच. म्हणजे ज्या नावाचा जन्मच इंग्लंडमध्ये झाला, त्याचे तुकडे करून शिवीही इंग्लंडमध्येच तयार झाली. मधे अवघी तीस वर्षं गेली.

१९६० च्या दशकाच्या शेवटी मामूंच्या गावातले काही पोरगे डोकी तासून, जाड बुटं घालून, पँटला पट्टे लावून फिरू लागले. त्यांना स्किनहेड म्हणत. त्यांनी एक खेळ काढला, ‘पाकी-बॅशिंग’. अर्थ सरळ : पाक्यांना बदडणं. वर्तमानपत्रांनीही तो शब्द जसाच्या तसा उचलला, जणू फुटबॉलसारखा कुठलासा खेळच असावा. एप्रिल १९७० मध्ये पूर्व लंडनमध्ये तोसीर अली नावाच्या पन्नाशीच्या कामगाराचा अशाच पोरांनी खून केला, तेव्हा हा शब्द देशभर पोचला. तोसीर अली पूर्व पाकिस्तानातले होते, आज ज्याला आपण बांगलादेश म्हणतो तिथले. १९७६ च्या जूनमध्ये लंडनच्या साउथॉलमध्ये गुरदीपसिंग छग्गर या अठरा वर्षांच्या शीख मुलाचा खून झाला. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली हा पंचविशीतला बांगलादेशी शिवणकामगार कामावरून घरी जाताना व्हाइटचॅपलमध्ये मारला गेला. त्याच्या शवपेटीमागून दहा दिवसांनी सुमारे सात हजार माणसं पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेली. तो जिथे पडला, तिथल्या बागेला १९९८ पासून त्याचं नाव आहे.

या तिघांची मुळं पाहा. तोसीर अलींचा देश पुढच्याच वर्षी पाकिस्तानातून फुटून निघाला. छग्गर शीख. अल्ताब अली बांगलादेशी. तिघांवरही ज्या हवेत हात उगारला गेला, त्या हवेत शब्द एकच होता. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला ‘पाकी शॉप’ म्हणायचे, आणि ते दुकान कित्येक वेळा युगांडातून १९७२ मध्ये हाकलून दिलेल्या एखाद्या गुजराती पटेलांचं असायचं. म्हणजे हा शब्द राष्ट्रीयत्व सांगतच नव्हता. बोलणाऱ्याला त्या माणसाचा देश माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायचाही नव्हता. त्याला फक्त कातडीचा रंग दिसत होता. शब्द चुकीच्या माणसावर पडला तरी बोलणाऱ्याला चूक वाटत नाही, तिथे तो शब्द नाव राहिलेला नाही, हे नक्की समजावं.

आता मामूंची ती रात्र.

१९७० चाच वसंत. मामू आणि त्यांचा मीरपूरचा एक साथीदार रात्रपाळी संपवून पहाटे घरी निघाले होते. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच तव्यावर रोटी शेकायचे. बस स्टॉपजवळ चार पोरांनी त्यांना घेरलं. तो शब्द आला. आणि मामू म्हणाले, “आय अ‍ॅम इंडियन.”

“खरंच होतं ना ते,” मामू म्हणत होते. “माझा पासपोर्ट हिंदुस्थानचा. मी खोटं काय बोललो? पण बेटी, मी ते सांगितलं तेव्हा माझ्या बाजूला कोण उभा होता?”

त्या पोरांतला एक हसला आणि म्हणाला, एकच गोष्ट आहे. मग दोघांनाही मारलं. मामूंच्या दोन बरगड्या मोडल्या. मीरपूरच्या साथीदाराचा एका कानाचा पडदा फाटला, तो कान पुढे कधी नीट झाला नाही. हॉस्पिटलात दोघांच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. साथीदाराने त्या वाक्याचा विषय काढला नाही. तिथे नाही, नंतरही नाही. पुढे तीस वर्षं दोघं एकाच मस्जिदीत नमाज पढत राहिले, एकमेकांच्या मुलांच्या निकाहला उभे राहिले. २००३ मध्ये त्याचं इंतकाल झालं. मामूंनी जनाजाला खांदा दिला.

“माफी मागायची राहिली,” मामू म्हणाले. “दरवेळी वाटायचं, आता कशाला जुनं उकरायचं. तो विसरला असेल. पण मी विसरलो नव्हतो, तर तो कसा विसरेल?”

मग ते माझ्या मुलाकडे वळले. “मी पाकी नाही, असं म्हणणं म्हणजे पाकी नावाची काहीतरी घाणेरडी चीज असते आणि ती माझ्या शेजारी उभी आहे, हे मान्य करणं. मला म्हणायला हवं होतं, याला पण असं बोलू नको.”

चिनी लोकांच्या कोटावरच्या बिल्ल्याबद्दल मी नंतर वाचलं, तेव्हा मला मामूंचं हेच वाक्य आठवलं.

इंग्लंडच्या कायद्याला ही गोष्ट समजायला वेळ लागला, पण समजली. वांशिक भेदभावाविरुद्धचा तिथला पहिला कायदा १९६५ चा. १९९८ मध्ये तिथे गुन्हेगारीविषयी जो कायदा झाला, त्यात मारहाण किंवा धमकीच्या वेळी वंशावरून वैर दाखवलं तर तो गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. त्यातल्या कलम २८ मध्ये एक बारकावा आहे. मार खाणारा माणूस त्या गटाचा असलाच पाहिजे असं नाही. मारणाऱ्याने त्याला त्या गटाचा समजलं, एवढं पुरे. म्हणजे आज कोणी मामूंना तो शब्द वापरून मारलं, तर आरोपीला कोर्टात म्हणता येणार नाही की हा माणूस तर हिंदुस्थानी, मग माझा शब्द त्याला लागूच नाही. राष्ट्रीयत्व हाही त्या कायद्यात वंशाच्या व्याख्येत धरलेला आहे, म्हणून ‘मी फक्त देशाचं नाव घेतलं’ ही सबबही चालत नाही.

तरी शब्द मेला नाही. त्याने नुसता कपडा बदलला, तो ‘गंमत’ झाला. क्रिकेटच्या घरांत हे प्रकरण ठाऊक असेल. कराचीत जन्मलेले अझीम रफीक यॉर्कशायर काउंटीकडून खेळत. तिथे आपल्याशी वांशिक वागणूक झाली, असं त्यांनी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं. चौकशी झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये बाहेर आलं की, एका सहकाऱ्याने त्यांना हाच शब्द वापरला होता, पण चौकशीकारांच्या मते ती मित्रामित्रांतली थट्टा होती. तेव्हा देशभर गदारोळ झाला, प्रायोजक निघून गेले आणि रफीक यांनी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. २०२३ मध्ये क्लबला दंड झाला आणि काउंटी स्पर्धेतले गुणही कापले गेले.

थट्टेचा हा बचाव आपल्यालाही नवीन नाही. पण थट्टा ओळखायची एक सोपी खूण आहे. थट्टा उलट फिरवता येते. मित्राने मला काही म्हटलं, मी त्याला तसंच काही म्हटलं, हिशेब बरोबर. गोऱ्या सहकाऱ्याला रफीक यांनी ‘ब्रिट’ म्हटलं असतं तर त्याला काय लागलं असतं? काहीच नाही. ब्रिट म्हणत कोणी कोणाच्या बरगड्या मोडलेल्या नाहीत. एका बाजूला रिकामा शब्द आणि दुसऱ्या बाजूला पन्नास वर्षांच्या माराने भरलेला शब्द, अशी देवाणघेवाण बरोबरीची कशी होईल?

या प्रकरणाचा एक पुढचा भागही सांगितला पाहिजे, नाहीतर माझं सांगणं अर्धवट राहील. साक्षीनंतर दोनच दिवसांत रफीक यांचे २०११ मधले जुने संदेश उघड झाले. त्यांत ज्यू लोकांविषयी अपमानकारक बोलणं होतं. त्यांनी टाळाटाळ न करता जाहीर माफी मागितली. म्हणजे ज्याला एका शब्दाने जखम झाली, त्याच्याच तोंडून दुसऱ्याला जखम करणारं बोलणंही निघालेलं होतं. हे वाचून मी त्यांच्यावर बोट ठेवू शकले नाही. आपल्याच घरांत कोणा काळ्या माणसाला आपण सहज काय म्हणतो? ईशान्येकडच्या मुलींना मुंबईच्या लोकलमध्ये ‘चिंकी’ म्हटलं जातं, तोही शब्द चिनी माणसासाठीच्या इंग्रजी शिवीतूनच आलेला. देश कुठला, हे त्यातही कोणी विचारत नाही.

मुलाच्या दुसऱ्या मुद्द्याचंही उत्तर द्यायला हवं. पेपरात ‘पाक’ लिहितात, त्याचं काय? आपल्याकडच्या मथळ्यांत ‘पाक’ हा देशाच्या नावाचा संक्षेप आहे, माणसाला मारलेली हाक नाही. त्यामुळे आपल्या कानांना तो तेवढा टोचत नाही. शब्दाची जखम जागेजागेवर वेगळी असते हेही खरं. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी भारत-पाकिस्तान तणावाबद्दल बोलताना पाकिस्तानींसाठी ‘पाकीज’ असा शब्द वापरला. अमेरिकेत या शब्दाला इंग्लंडसारखा इतिहास नाही, बहुधा त्यांना तो साधा संक्षेपच वाटला असावा. तरी ओरड झाली आणि अध्यक्षांना पाकिस्तानविषयी मोठा आदर आहे, असा खुलासा व्हाइट हाउसला करावा लागला. कारण बोलणारा वॉशिंग्टनमध्ये असला तरी ऐकणारे ब्रॅडफर्ड आणि बर्मिंगहॅममध्येही होते. आज माझा मुलगा मोबाइलवर जे लिहितो, तेही तिथपर्यंत पोचतं. तिथे आपलेच भाचे-पुतणे शाळेत जातात आणि त्यांच्या पाठीवर तो शब्द आजही पडतो. तिथली काही पोरं आपापसांत तो शब्द मुद्दाम, यांकीसारखा, उचलून वापरतात म्हणे. तो त्यांचा हक्क आहे, आपला नाही.

म्हणून मी माझ्या मुलाला आणि आता वर्गातल्या मुलांनाही तीन प्रश्न विचारायला शिकवते. हे आखूड नाव त्या लोकांनी स्वतः घेतलं की दुसऱ्याने दिलं? ते फक्त त्याच लोकांसाठी वापरतात की तसं दिसणाऱ्या कुणावरही फेकतात? आणि ते म्हणताना कुणाला मार बसलेला आहे का? ऑसी तिन्ही प्रश्नांतून सुखरूप बाहेर पडतं. जॅप आणि पाकी एकाही प्रश्नात टिकत नाहीत. पूर्ण नाव घ्यायला अर्धा सेकंद जास्त लागतो. पाकिस्तानी. संपलं.

सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारण्याची मनाई आहे, हे आपण मुलांना लहानपणी शिकवतो. पण ‘काळ्या’, ‘लंगड्या’ एवढ्यावरच थांबतो. एका अख्ख्या मुलखाचंही टोपणनाव असू शकतं, हे माझ्या ध्यानात त्या रात्रीपर्यंत आलं नव्हतं. आणि शेजारच्या देशाचं नाव शिवीसारखं तोंडावर मारलं जातं तेव्हा कसं वाटतं, हे आपल्यापैकी पुष्कळांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. तेव्हा आपल्याही ओठांवर पहिलं वाक्य तेच येतं, जे मामूंच्या आलं होतं. ‘मी तो नाही.’ ते खरंच असतं. पण त्याच्या पुढे आणखी एक वाक्य असतं, ते बोलायचं राहून जातं.

मामू त्या जुलैमध्ये परत गेले. जाण्याआधी मुलाने त्यांची माफी मागितली. मामू म्हणाले, “माझी कशाला? मी तर इंडियन.” आणि हसले. पण डोळे हसत नव्हते. २०२१ च्या थंडीत तिकडेच त्यांचं इंतकाल झालं. आमच्यापैकी कोणाला जाता आलं नाही. तिथल्या कब्रस्तानात त्यांची जागा त्या मीरपूरच्या साथीदारापासून तीन ओळी सोडून आहे, असं माझ्या मामेभावाने फोनवर सांगितलं.

माझा मुलगा आता कॉलेजात आहे. सामना असला की मित्र घरी येतात. मागच्या वेळी त्यांच्यातल्या एकाने तोच शब्द उच्चारला. मी स्वयंपाकघरात होते, कान तिकडे होता. मुलगा चिडला नाही, भाषणही दिलं नाही. एवढंच म्हणाला, “पाकिस्तानी म्हण रे. माझ्या नानांना त्या लफ्जाने मारलं होतं.”

मित्राने विचारलं, “पण तुझे नाना तर इथले ना?”

“हो,” तो म्हणाला, “म्हणूनच सांगतोय.”